हप्ता घटवावा की मुदत?



कर्ज काढताना माणूस दहा जणांना विचारतो. फेडताना मात्र कोणालाच विचारीत नाही. कर्ज काढायचे म्हणजे जोखीम आणि फेडायचे म्हणजे नुसते पैसे नेऊन भरायचे, त्यात काय विचारायचे, अशी आपली समजूत असते. कामगारांच्या घरकर्जाचे कागद गेली अनेक वर्षे आमच्या हाताखालून जात आहेत, आणि ही समजूत किती महाग पडते ते आम्ही पाहिले आहे. वेतनकराराची थकबाकी मिळते, बायकोची भिशी लागते, गावाकडची जमीन विकून भावाभावांत वाटणी होते, आणि हातात दोन-तीन लाख रुपये येतात. माणूस ते कर्जात भरायला निघतो. बँकेच्या खिडकीवर त्याला एक प्रश्न विचारला जातो : "हप्ता कमी करायचा की मुदत?" तो गोंधळतो, आणि मागचा माणूस घाई करतो म्हणून तोंडाला येईल ते सांगून मोकळा होतो. पुष्कळदा तर हा प्रश्न विचारलाही जात नाही. बँक आपल्या सोयीने काय ते ठरविते.

या एका प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, आणि कर्ज वेळेआधी फेडल्याबद्दल दंड कोठे द्यावा लागतो व कोठे नाही, एवढ्या दोनच गोष्टी आज आम्ही मांडणार आहोत.

हप्त्याच्या पोटात काय असते

आधी हप्त्याची घडण पाहू. दर महिन्याला समान येणारा हा हप्ता, ज्याला सगळे ई.एम.आय. म्हणतात, वरून एकसारखा दिसतो. पोटात तो दर महिन्याला बदलत असतो. त्याचे दोन भाग असतात. शिल्लक मुद्दलावर त्या महिन्याचे जे व्याज होते ते आधी कापले जाते, आणि उरेल ते मुद्दलात जाते. सुरुवातीला मुद्दल मोठे म्हणून व्याज मोठे, आणि मुद्दलात जाणारा वाटा अगदी लहान. शेवटी हेच उलटे होते.

एक कर्ज घेऊ आणि व्याख्यान संपेपर्यंत तेच चालवू. जळगावला पिंप्राळ्याकडे घर घेण्यासाठी एकाने २० लाख रुपये काढले, व्याज द.सा.द.शे. ९, मुदत २० वर्षे. त्याचा हप्ता १७,९९५ रुपये येतो. पाच वर्षे त्याने एकही हप्ता चुकविला नाही. साठ हप्त्यांत त्याने सुमारे १० लाख ८० हजार रुपये भरले. मुद्दल किती फिटले असेल? फक्त २ लाख २६ हजार. उरलेले ८ लाख ५४ हजार व्याजात गेले. शिल्लक मुद्दल अजून १७ लाख ७४ हजार आहे. हा आकडा पाहून बँकेने लबाडी केली, असे म्हणत अनेक जण आमच्याकडे येतात. लबाडी नसते, व्याज शिल्लक मुद्दलावर लागते आणि मुद्दल मोठे होते, इतकेच.

पण आगाऊ भरण्याची ताकदही येथेच आहे. आपण मध्येच जी रक्कम भरतो तिच्यातून व्याज कापले जात नाही. ती सबंधच्या सबंध मुद्दलातून वजा होते. या गृहस्थाने साठाव्या हप्त्यानंतर ३ लाख भरले, तर मुद्दल एका दिवसात १४ लाख ७४ हजारांवर येते. नुसत्या हप्त्यांनी पाच वर्षांत जेवढे मुद्दल हलले नव्हते, त्याहून अधिक एका पावतीने हलले.

आणि ही रक्कम जितकी लवकर भरावी तितकी तिची मजुरी जास्त. हेच ३ लाख त्याने पाचव्या वर्षाऐवजी पंधराव्या वर्षी भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर व्याज सुमारे १ लाख ३० हजारच वाचेल. पाचव्या वर्षी भरले तर किती वाचते, ते आता पाहू.

दोन वाटा

मुद्दल घटले की हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि तेथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट : हप्ता १७,९९५ तोच ठेवायचा. मग राहिलेले १८० हप्ते १२८ वर येतात, म्हणजे कर्ज चार वर्षे चार महिने आधी संपते. व्याजात एकूण सुमारे ६ लाख ४४ हजार रुपये वाचतात.

दुसरी वाट : मुदत १८० महिने तीच ठेवायची. मग हप्ता १४,९५२ रुपयांवर येतो. दरमहा ३,०४३ रुपये हातात राहतात. व्याजात वाचतात सुमारे २ लाख ४८ हजार.

हे आकडे शेजारी ठेवले की कोणीही म्हणेल, मुदत घटविणे हाच शहाणपणा. जवळजवळ चार लाखांचा फरक आहे. पुष्कळ जाणते लोकही एवढ्यावरच थांबतात. आम्हीही काही वर्षे सभासदांना डोळे मिटून हेच सांगत होतो. पण हा फरक कोठून आला, याचा शोध घेतल्यावर आमचे मत पालटले.

फरक तीन लाखांनी केलेला नाही. ३ लाख दोन्ही वाटांत एकाच दिवशी, एकाच मुद्दलातून वजा झाले. त्यांचे काम दोन्हीकडे सारखेच झाले. फरक केला तो त्यानंतर दरमहा भरलेल्या ३,०४३ रुपयांनी. पहिल्या वाटेचा माणूस हे रुपये दर महिन्याला बँकेत भरत राहतो, दुसऱ्या वाटेचा माणूस ते खिशात ठेवतो. जास्त भरले त्याचे व्याज जास्त वाचले. यात चमत्कार कसला?

पडताळून पाहायचे तर पहिल्याच महिन्याचा हिशेब घ्या. १४ लाख ७४ हजारांवर महिन्याचे व्याज ११,०५६ रुपये. पहिल्या वाटेत १७,९९५ मधून हे व्याज गेले की मुद्दलात ६,९३९ पडतात. दुसऱ्या वाटेत १४,९५२ मधून व्याज गेले की मुद्दलात ३,८९६ पडतात. आता दुसऱ्या वाटेच्या माणसाने वाचलेले ३,०४३ रुपये स्वतःहून मुद्दलात भरले, तर ३,८९६ आणि ३,०४३ मिळून होतात ६,९३९. एका रुपयाचाही फरक नाही. दर महिन्याला त्याने हेच केले, तर त्याचेही कर्ज १२८ महिन्यांतच फिटेल आणि व्याजही तेवढेच वाचेल.

म्हणजे मुदत घटविणे आणि हप्ता घटवून फरकाची रक्कम स्वतः भरत राहणे, हे हिशेबाने एकच आहे. मग निवड राहते ती कशाची? सक्तीची. पहिल्या वाटेत जादा ३,०४३ रुपये भरणे तुमच्यावर बंधनकारक आहे. दुसऱ्या वाटेत ते तुमच्या मर्जीवर आहे. बंधन हे काही माणसांना उपकारक असते, आणि काहींचा गळा आवळते. प्रश्न खरा असा विचारला पाहिजे : आपल्या घराला कोणता धोका अधिक, मन ढळण्याचा की मिळकत ढळण्याचा?

एकच आकडे, दोन माणसे

आमच्या पाहण्यातली दोन माणसे सांगतो. समजायला सोपे पडावे म्हणून आकडे मात्र वरचेच धरू.

एक जण जळगावला राहून रोज गाडीने भुसावळला रेल्वेच्या नोकरीवर जाणारा. पगार ठरलेला, महागाईभत्ता वाढत जाणारा, निवृत्तीला बारा वर्षे राहिलेली. त्याच्या कर्जाची मुदत मात्र पंधरा वर्षे शिल्लक. याला हप्त्याचा त्रास नाही; त्याचा धोका वेगळा आहे. निवृत्तीनंतर पगार थांबेल आणि पुढची तीन वर्षे हप्ता चालूच राहील. शिवाय तो स्वतःच हसून म्हणाला, "अण्णा, तीन हजार हातात राहिले तर ते माझ्या हातात राहणार नाहीत." अशा माणसाने मुदतच घटवावी. १२८ हप्ते म्हणजे दहा वर्षे आठ महिने. निवृत्तीच्या आधी घर मोकळे होते.

दुसरा धुळ्याचा, अवधानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात यंत्रावर काम करणारा. पगार वाईट नाही. पण मागणी घटली की पाळ्या कमी होतात, आणि मालकाने उद्या टाळे लावले तर विचारणारे कोणी नाही. खानदेशच्या माणसाला हे निराळे सांगायला नको. जळगावची खानदेश मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर ज्यांची घड्याळे लागत, त्या पिढीची मुले आपल्यात बसलेली आहेत. या माणसाने १७,९९५ चा हप्ता कायम ठेवून मुदत घटविली, आणि तीन वर्षांनी काम सुटले, तर बँक त्याला असे म्हणणार नाही की तू पूर्वी तीन लाख आगाऊ भरले होतेस, तेव्हा सहा महिने थांब. आगाऊ भरलेले पैसे हे भविष्यातील हप्त्यांची ठेव नव्हे. ते मुद्दलात विरले. साध्या मुदत कर्जात ते परत काढता येत नाहीत. पुढच्या महिन्याचा हप्ता पुढच्या महिन्यात द्यावाच लागतो, आणि लागोपाठ हप्ते थकले, म्हणजे थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली, की खाते बुडीताच्या यादीत जाऊन वसुलीची पावले पडू लागतात.

त्याने हप्ता घटवून १४,९५२ करून घ्यावा, आणि काम नीट चालू आहे तोवर उरलेले ३,०४३ रुपये बाजूला टाकत जावे. प्रथम ती रक्कम पाच-सहा हप्त्यांइतकी साठेपर्यंत बचत खात्यात किंवा आवर्त ठेवीत ठेवावी. ठेवीवर व्याज कर्जापेक्षा कमी मिळते, हे खरे. तो तोटा म्हणजे निर्धास्तपणाची किंमत समजावी. तेवढा साठा झाला की पुढची बचत कर्जात भरावी. अशाने त्याचे कर्ज रेल्वेवाल्याइतके लवकर फिटणार नाही. पण अडचणीच्या महिन्यात त्याला तीन हजार कमी उभे करावे लागतील आणि हाताशी सहा महिन्यांची शिदोरी असेल.

येथे एक अडचण सांगून ठेवतो. थोडीथोडी रक्कम दर महिन्याला स्वीकारायला प्रत्येक बँक तयार नसते; एका वेळी निदान अमुक भरा, वर्षातून अमुक वेळाच भरा, अशा अटी असतात. तेव्हा सहा-सहा महिन्यांनी साठवून भरावे. प्रत्येक वेळी हप्ता आणखी कमी करायचा की आहे तोच ठेवायचा, हेही दर वेळी लिहून द्यावे लागते.

आणखी एक. घरकर्जात भरण्याआधी आपल्या दप्तरात दुसरे महाग कर्ज नाही ना, ते पाहावे. चौदा टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज किंवा त्याहून महाग क्रेडिट कार्डाची बाकी डोक्यावर असताना नऊ टक्क्यांचे कर्ज आगाऊ फेडणे म्हणजे गळक्या हौदाकडे पाठ करून अंगणात पाणी शिंपणे होय.

पैसे कोठे जमा झाले?

निवड चांगली केली तरी ती वहीत उतरली नाही तर उपयोग नाही. धुळ्याच्याच एका सभासदाने एक लाख रुपये कर्ज खात्यात भरले. पुढचे काही महिने त्याच्या पगारातून हप्ता कापलाच गेला नाही. तो खूश, म्हणाला, बँकेने सूट दिली. आम्ही उतारा मागविला. ती रक्कम मुद्दलात न घेता येणाऱ्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून ठेवली होती, आणि दर महिन्याला तिच्यातून एक-एक हप्ता वळता होत होता. व्याज मात्र जुन्याच मुद्दलावर चालू. त्याचे लाख रुपये बँकेकडे बिनव्याजी पडून होते आणि तो स्वतः व्याज भरत होता. कोणाचा वाईट हेतू नव्हता. भरताना कागदावर काही लिहिलेले नव्हते, एवढेच. लेखी तक्रारीनंतर नोंद दुरुस्त झाली, पण तोवर पाच महिने गेले होते.

म्हणून पैसे भरताना अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. मजकूर एवढा पुरे : "कर्ज खाते क्रमांक अमुक यात आज रुपये अमुक इतकी अंशतः मुदतपूर्व फेड करीत आहे. ही सर्व रक्कम शिल्लक मुद्दलातून वजा करावी. पुढील हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून धरू नये. मासिक हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी (अथवा : मुदत आहे तीच ठेवून हप्ता कमी करावा). सुधारित परतफेडीचा तक्ता द्यावा." हाच अर्ज संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून भरणाऱ्यांनी ई-मेलने पाठवावा. नुसत्या बचत खात्यात पैसे ठेवून बँक ते आपोआप कर्जात घेईल, असे समजू नये.

मग पडताळा. त्याला गणिती असण्याची गरज नाही. भरलेल्या रकमेला व्याजदराने गुणून बारांनी भागावे. तेवढे रुपये पुढच्या पूर्ण महिन्याच्या व्याजातून कमी झाले पाहिजेत. ३ लाखांचे ९ टक्क्यांनी वर्षाला २७,००० होतात, महिन्याला २,२५०. आपल्या गृहस्थाचे महिन्याचे व्याज १३,३०६ होते ते ११,०५६ दिसले पाहिजे. तसे दिसले तर रक्कम मुद्दलात गेली. व्याज तेवढेच राहिले तर रक्कम भलतीकडे पडली आहे; त्याच दिवशी शाखेत जावे.

मुदतीवर नजर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. बदलत्या दराची घरकर्जे त्याबरोबर महाग झाली. पण पुष्कळांचा हप्ता वाढला नाही, म्हणून त्यांना काही कळले नाही. बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबविली होती. काहींची तर निवृत्तीच्या पार पुढे गेली. यावर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, ही निवड कर्जदाराला दिली पाहिजे. मुदतीत केव्हाही अंशतः अथवा पूर्ण फेड करण्याची मुभा असली पाहिजे. आणि दर तिमाहीला एक पत्रक दिले पाहिजे, ज्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजदर दाखविलेले असतील. हे तिमाही पत्रक आम्ही सभासदांना पगाराच्या पावतीसारखे जपायला सांगतो. त्यात "उरलेले हप्ते" हा रकाना आधी पाहावा. आपण आगाऊ भरूनही तो आकडा घटला नसेल, आणि हप्ताही घटला नसेल, तर विचारण्याचा हक्क आपला आहे.

दंड कोठे, माफी कोठे

आता दुसरी गोष्ट. वेळेआधी कर्ज फेडले तर बँक जे आकारते त्याला फोरक्लोजर चार्जेस म्हणतात. खाते पुरते बंद केले की हे नाव, आणि काही भाग भरला तर त्याला प्रीपेमेंट चार्जेस म्हणतात, जात एकच. पैसे परत देणाऱ्यालाच दंड का, असे कोणीही विचारील. सावकाराची बाजू अशी की ठरलेल्या दराने दहा वर्षे व्याज मिळेल या हिशेबाने त्याने पैसा उभा केलेला असतो. तो मध्येच परत आला तर त्याची घडी विस्कटते. दर कायम ठरलेला असेल तर या म्हणण्यात काही तथ्य आहे. पण दर बदलता असेल, म्हणजे व्याज वाढण्याचा धोका कर्जदारानेच घेतलेला असेल, तर हे कारण उरत नाही.

सर्व नियमांची किल्ली या एका भेदात आहे : दर बदलता की स्थिर? बँकांतील ग्राहकसेवेविषयी दामोदरन समितीने शिफारस केल्यावर रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजी बदलत्या दराच्या घरकर्जांवर असा आकार घेण्यास बँकांना बंदी केली. मे २०१४ मध्ये ही बंदी व्यक्तींनी घेतलेल्या बदलत्या दराच्या सर्व मुदत कर्जांना लागू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट झाले की व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी व्यक्तीने कर्ज घेतले असेल, तर सहकर्जदार असो वा नसो, बंदी आहे. त्यानंतर २ जुलै २०२५ रोजी नवे निर्देश निघाले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत, आणि त्यांनी अनेक पळवाटा बुजविल्या. फेड अंशतः असो वा पूर्ण, पैसा पदरचा असो वा दुसऱ्या बँकेने कर्ज उचलून घेताना दिलेला असो, आकार नाही. आणि सुरुवातीची अमुक महिने फेड करता येणार नाही, अशी अटही घालता येत नाही.

आपले घरकर्ज बदलत्या दराचे असेल, तर अंशतः फेड करताना दंडाची भीती बाळगू नये, हे यावरून कळेल. काही कर्जे पहिली दोन-तीन वर्षे स्थिर आणि पुढे बदलत्या दराची असतात. त्यांत ज्या दिवशी फेड केली त्या दिवशी दर कोणता चालू आहे, ते पाहतात. अशा कर्जात थोडे थांबल्याने दंड टळू शकतो.

दुकानदार व लघुउद्योजक यांच्यासाठी नवे निर्देश थोडे निराळे आहेत. व्यक्तीने किंवा सूक्ष्म-लघु उद्योगाने बदलत्या दराने व्यवसायकर्ज घेतले असेल, तर मोठ्या व्यापारी बँका आकार घेऊ शकत नाहीत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका, ग्रामीण बँका आणि लघुवित्त बँका यांना ५० लाखांपर्यंतच्या कर्जावर तो घेता येत नाही. लहान नागरी सहकारी बँकांच्या व्यवसायकर्जाला मात्र करारच पाहावा लागतो. आणि आपल्या भागात घरोघरी ज्यांचे खाते असते त्या पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येतात. रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश त्यांना लागू नाहीत. तेथे कर्जरोखा आणि पोटनियम वाचूनच पैसे भरावेत.

उरली स्थिर दराची कर्जे. वैयक्तिक कर्जे, मोटारसायकलची व गाडीची कर्जे बहुधा याच वर्गात मोडतात, आणि त्यांवर आकार घेता येतो. पण तो मंजुरीपत्रात, करारात आणि मुख्य तथ्य विवरणपत्रात आधी सांगितलेला असला पाहिजे. हे विवरणपत्र १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांसोबत देणे सक्तीचे आहे, आणि त्यात न दाखविलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. खिडकीवर तोंडी सांगितलेल्या आकड्याला मान डोलावू नये; कोणत्या पानावर लिहिले आहे, ते दाखवा म्हणावे.

आकार असला तरी फेड तोट्याचीच ठरते असे नाही. ती केव्हा करता यावर ते आहे. समजा, १४ टक्के स्थिर दराचे वैयक्तिक कर्ज आहे, हप्ता १४,४०४, आणि आकार शिल्लक मुद्दलावर ४ टक्के, शिवाय त्या आकारावर १८ टक्के जी.एस.टी. चोवीस हप्ते राहिले असताना मुद्दल ३ लाख शिल्लक आहे. आज खाते बंद केले तर आकार १२,००० आणि कर २,१६०, मिळून १४,१६०. वाचणारे व्याज सुमारे ४५,७००. फेडावे, साडेएकतीस हजारांचा फायदा आहे. तेच कर्ज सहा हप्ते राहिले असताना पाहा. मुद्दल ८३,००० राहिले. आकार व कर मिळून सुमारे ३,९२०. आणि वाचणारे व्याज फक्त ३,४२०. म्हणजे कर्ज लवकर फेडून पाचशे रुपये पदरचे घालायचे! अशा वेळी पैसे खात्यात ठेवावेत आणि सहा हप्ते मुकाट्याने जाऊ द्यावेत. शेवटी-शेवटी "एकदाचे मोकळे होऊ" म्हणून धावणाऱ्यांनी हा हिशेब आधी कागदावर करावा.

कर्ज पुरते फिटले की काम संपले असेही नाही. बेबाकी दाखला घ्यावा. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत दिले पाहिजेत आणि नोंदविलेला बोजा उतरविला पाहिजे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर बोजा चढविला असेल, तर तो उतरल्याचा नवा उतारा स्वतः काढून पाहावा. नियमाबाहेर आकार घेतला असेल तर प्रथम शाखेकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, अथवा आले ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. पोच घेतलेला अर्ज तेवढा हातात हवा.

खिडकीवरचा तो प्रश्न पुन्हा कानावर आला, तर उत्तर देण्यापूर्वी आपल्या पगाराकडे पाहा. पगार पक्का असेल आणि मन कच्चे असेल, तर मुदत घटवा. मन पक्के असेल आणि पगार कच्चा असेल, तर हप्ता घटवा आणि उरलेला पैसा स्वतः साठवून स्वतः भरा. दोन्ही पक्के असतील, तर कोणतीही वाट धरा. कर्ज एकाच दिवशी फिटेल. दोन्ही कच्चे असतील, तर ते तीन लाख आज कर्जात घालूच नका. आधी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवा आणि मग उरेल ते घेऊन बँकेत जा. काहीही ठरवा, पण लिहून द्या आणि पोच घ्या.